मेकअपवरचं सनस्क्रीन आणि न दिसणारी भोकं

पुण्याजवळच्या एखाद्या लॉनवर मे महिन्यातलं लग्न आहे, असं समजा. करवलीचा मेकअप सकाळी सातलाच झालाय. आधी सनस्क्रीन, मग प्राइमर, फाउंडेशन, कन्सीलर आणि शेवटी पावडर. मुहूर्त साडेबाराचा. त्याआधी तिला पाहुण्यांचं स्वागत करायचंय, वराकडच्यांना सामोरं जायचंय आणि उघड्यावर फोटो काढून घ्यायचेत. मे महिन्याच्या मध्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. या दिवसांत निरभ्र दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पट्टीवरची ही सर्वांत वरची पायरी आहे.

सनस्क्रीनच्या वेष्टणावर लिहिलेलं असतं की उन्हात दर दोन तासांनी पुन्हा लावा. करवली चेहरा धुऊ शकत नाही, आणि फाउंडेशनवर क्रीम चोळलं तर मेकअप जागोजागी निघून चट्टे पडतील. अशा वेळेसाठी बाजारात तीन साधनं मिळतात: स्प्रे, स्टिक आणि पावडर. ती चट्टे न पाडता कशी वापरायची, हा वरवर केवळ दिसण्याचा प्रश्न वाटतो. पण खोलात गेलं की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. डोळ्यांना खटकणारा चट्टा आणि अतिनील किरणांना आत शिरू देणारी जागा, दोन्हींच्या मुळाशी एकच कारण असतं: थर सगळीकडे सारखा बसलेला नसतो.

केसाहूनही बारीक थर

एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरवताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. याचा अर्थ सुमारे २० मायक्रॉन जाडीचा ओला थर. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा थर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही पातळ. त्यातलं पाणी किंवा अल्कोहोल उडून गेलं की तो आणखी बारीक होतो. एवढ्याशा पापुद्र्यावर दुपारचं ऊन अडवायची जबाबदारी असते!

त्यात त्वचा काचेसारखी सपाट नसते. भिंगातून पाहिलं तर तिच्यावर बारीक चऱ्यांचं जाळं दिसतं, आणि या चऱ्या थराच्या जाडीपेक्षाही खोल असू शकतात. ओलं सनस्क्रीन चऱ्यांमध्ये साचतं आणि उंचवट्यांवर विरळ होतं. एकाच गालावर, एका मिलिमीटरच्या आत, कुठे दाट थर असतो तर कुठे जवळजवळ काहीच नसतं.

या विरळ जागांचं गणित थक्क करणारं आहे. चेहऱ्यावर त्वचा लाल करणाऱ्या अतिनील प्रकाशाचे १०० वाटे पडले, असं धरू. एसपीएफ ५० चा थर अखंड असेल तर त्यातले फक्त २ वाटे आत जातील. आता त्याच थरात चेहऱ्याचा दहावा भाग उघडा राहिला आहे, असं माना. उघड्या भागावर पडलेले १० च्या १० वाटे आत जातील. झाकलेल्या भागावरच्या ९० पैकी १.८ जातील. एकूण झाले जवळजवळ १२. म्हणजे डबीवर ५० लिहिलेलं असलं तरी संपूर्ण चेहऱ्याचा हिशेब केला तर पदरात पडलं ते साडेआठच्या आसपास. डबी ५० ऐवजी १०० ची घेतली असती तरी हा आकडा १० च्या वर गेला नसता, कारण गळती भोकातून होतेय, झाकलेल्या भागातून नव्हे.

हा दहावा भागही मी मनाने घेतलेला नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना नेहमीसारखं सनस्क्रीन लावायला सांगून अतिनील कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढले. या कॅमेऱ्यात सनस्क्रीन लागलेली त्वचा काळी दिसते आणि सुटलेली जागा उजळ. सरासरीने चेहऱ्याचा सुमारे दहावा भाग सुटलेला निघाला. डोळ्यांचे नाकाकडचे कोपरे तर बहुतेकांनी वगळलेले होते.

दुसरा थर काय करतो

कौलारू घर पावसाळ्याआधी शाकारतात तेव्हा नवं छप्पर घालत नाहीत, सरकलेली आणि फुटलेली कौलं तेवढी नीट बसवतात. मेकअपवरचा दुसरा थर हेच काम करतो.

वरच्याच गणितात दुसरा थर घालून पाहू. तो अगदी पातळ आहे, पडलेल्या प्रकाशाचा पाचवा हिस्सा आत सोडतो, आणि त्यातूनही चेहऱ्याचा दहावा भाग सुटतो, असं धरू. पण या जागा पहिल्या खेपेच्या जागांशी संबंध न ठेवता कुठेही पडतात. आता दोन्ही थरांतून सुटलेला भाग उरला शंभरातला एक, तिथून १ वाटा आत जाईल. पहिल्या थरातून सुटून दुसऱ्यात झाकला गेलेला भाग शंभरात नऊ, तिथून १.८ जातील. बाकीच्या भागातून मिळून अर्धा वाटा. एकूण सव्वातीनच्या आसपास. एका विरळ थराने आत जाणारा प्रकाश १२ वाट्यांवरून सव्वातीनवर आणला!

हा हिशेब सोपा करून मांडला आहे. खऱ्या चेहऱ्यावर घाम, तेल आणि स्पर्श यांनी पहिला थरही झिजतो. पण दिशा तीच राहते. ब्रायन डिफी या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने २००१ मध्ये गणिती प्रतिमान मांडून दाखवलं की उन्हात गेल्यावर १५ ते ३० मिनिटांतच सनस्क्रीन पुन्हा लावणं फायद्याचं ठरतं. इतक्या लवकर पहिला थर फारसा झिजलेला नसतो. फायदा होतो तो मुख्यतः पहिल्या खेपेला राहिलेली कसर भरून निघाल्यामुळे.

यात एक अट दडलेली आहे. दोन्ही वेळा भोकं एकाच जागी पडली तर दुसऱ्या थराचा उपयोग नाही. आपला हात सवयीने एकाच वाटेने फिरतो आणि नाकपुडीची कड, भुवयांखालची जागा, केसांची रेषा, कान दर वेळी सुटतात. म्हणून टच-अप करताना सुरुवातच या जागांपासून करावी.

चट्टे का पडतात

फाउंडेशन म्हणजे तेलात किंवा सिलिकोनमध्ये विखुरलेले रंगाचे कण. लावल्यावर त्यातले उडून जाणारे घटक जातात आणि कणांना धरून ठेवणारा नाजूक पापुद्रा मागे राहतो. तो दोन गोष्टींनी बिघडतो. त्याच जातीचं तेल वरून आलं की तो मऊ होतो, आणि मऊ झालेल्या पापुद्र्यावर बोट घासलं की तो सरकतो. नुसतं तेल आलं आणि आपण घासलं नाही तर तो बहुधा जागेवर राहतो. टच-अपची सगळी कला यातून निघते: चोळायचं नाही, सरळ दाबायचं आणि सरळ उचलायचं.

तिसरा खेळाडू आपलं स्वतःचं तेल. दुपारपर्यंत कपाळ आणि नाकावर ते जमतं आणि पावडरीचे कण भिजवतं. कोरडे कण फिके दिसतात, कारण त्यांच्यामधल्या हवेत प्रकाश सगळीकडे विखुरतो. हवेच्या जागी तेल शिरलं की विखुरणं कमी होतं आणि तीच पावडर गडद दिसू लागते. सकाळी रंगाला जुळणारं फाउंडेशन दुपारी काळपट दिसतं, त्याचं एक कारण हे आहे. या तेलावरच नवा थर चढवला तर तो कुठे धरतो, कुठे घसरतो. म्हणून कोणतंही साधन उचलण्याआधी तेल टिपून घ्यायला हवं. साध्या टिश्यूचा एक पदर कपाळावर ठेवा, तळव्याने हलकेच दाबून धरा आणि उचला. पुसू नका. नाकाच्या बाजूला किंवा हसण्याच्या रेषेत फाउंडेशन गोळा झालं असेल तर कोरड्या, स्वच्छ अनामिकेने थोपटून ते सारखं करा. नवा थर रेषा लपवत नाही, उलट ठळक करतो.

स्टिक: वजनदार पण हट्टी

तिन्ही साधनांत भोकं बुजवायला सर्वांत उपयोगी स्टिक. तिच्यात पाणी नसतं. मेण, तेलं आणि त्यांत विरघळलेले किंवा मिसळलेले अतिनील शोषणारे घटक असतात. त्यामुळे जे त्वचेवर बसतं त्यातलं फारसं काही उडून जात नाही. पण याच तेलामुळे स्टिक फाउंडेशनला मऊ करते. ती थेट गालावर ओढली तर रंगाचा पट्टा उचलला जातो. हे ओळखणं सोपं आहे: स्टिकचं टोक त्वचेच्या रंगाचं झालं, की गालावर तेवढाच रंग कमी झाला.

म्हणून मेकअप असलेल्या भागावर स्टिक बोटांच्या मार्फत न्यावी. धुतलेल्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर ती चांगली चकाकी येईपर्यंत फिरवा. बोटांची ऊब मेणाला मऊ करते आणि बोटं स्पंजासारखी माल पिऊन टाकत नाहीत. बोटांचा स्पर्श नको असेल तर कुशन फाउंडेशनबरोबर मिळणारा गुळगुळीत, दाट विणीचा पफ घ्या. सच्छिद्र स्पंज टाळा, बरंचसं सनस्क्रीन तोच पितो. आता चेहऱ्याचे पाच भाग धरा: कपाळ, दोन गाल, नाक आणि वरच्या ओठापासून हनुवटीपर्यंतचा भाग. प्रत्येक भागासाठी बोटांवर नव्याने माल घ्या आणि दाबत, उचलत पुढे जा. एक फेरी झाली की मिनिटभर थांबा. दुसरी फेरी उलट्या क्रमाने करा, म्हणजे पहिल्या फेरीत शेवटी घाईत उरकलेल्या भागाला आता आधी मान मिळेल.

थांबणं महत्त्वाचं आहे. कारण अर्धवट बसलेला थर घासला गेला की त्याच्या बारीक सुरळ्या निघतात, अगदी खोडरबराच्या चुऱ्यासारख्या दिसणाऱ्या. त्या दिसल्या तर आणखी सनस्क्रीन लावू नका. त्या टिश्यूने दाबून उचला आणि त्या जागी नव्याने थोडं दाबा.

कान, मान, गळ्याखालचा उघडा भाग आणि हात यांवर मेकअप नसेल तर तिथे स्टिक सरळ फिरवा, एकाच जागेवरून चार वेळा. एकदा फिरवल्यावर चकाकी येते आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण चकाकी म्हणजे जाडी नव्हे.

तुम्ही खरंच किती लावता, हे घरी मोजता येतं. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर टच-अपच्या आधी आणि नंतर स्टिकचं वजन करा. चेहऱ्याचं क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर धरलं तर चाचणीच्या प्रमाणाने १.२ ग्रॅम लागतात. स्टिक ०.३ ग्रॅमने हलकी झाली असेल तर तुम्ही त्याच्या पाव भागाएवढं घेतलंत, आणि त्यातलंही थोडं बोटांवर राहिलं. अशा थराला वेष्टणावरचा ५० हा आकडा लागू होत नाही. त्याचं काम भोकं बुजवण्याचं, आणि तेवढं तो करतो.

स्प्रे: हवेत हरवणारा

स्प्रेचं आकर्षण असं की हात लागतच नाही. पण फवाऱ्यातला बराचसा माल चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि लॉनवरच्या वाऱ्यात तर आणखी उडतो. पंपाच्या बारीक फवाऱ्याच्या एका दाबात साधारण दशांश मिलिलिटर द्रव निघतो. चेहऱ्याला पुरेसं प्रमाण त्यातून मिळवायचं तर दहा-बारा दाब हवेत, आणि तेही एक थेंब वाया न जाता. दोन-तीनदा फवारून दुपारभर निर्धास्त राहता येत नाही.

दुसरी अडचण थेंबांची. अगदी जवळून फवारलं तर मोठे थेंब पडतात. बऱ्याच स्प्रेंमध्ये असलेलं अल्कोहोल त्या ठिकाणी फाउंडेशन विरघळवतं आणि सुकताना रंग थेंबाच्या कडेला ढकलतं. चेहऱ्यावर दिसणारे गोल ठिपके असे तयार होतात. तिसरी अडचण श्वासाची. फवारा फुप्फुसात जाऊ नये म्हणून कित्येक डब्यांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की थेट चेहऱ्यावर मारू नका, आधी हातावर घ्या. शिवाय प्रेशरचे डबे ज्वालाग्राही असतात, त्यामुळे होमकुंडाच्या किंवा शेगडीच्या आसपास ते काढूच नयेत.

यावर उपाय आहे. डबा नीट हलवा, दाट पफवर जवळूनच फवारा आणि पफ ओलसर चमकू लागला की लगेच चेहऱ्यावर दाबा. अल्कोहोल उडायच्या आत हे झालं पाहिजे, म्हणून एका वेळी एकाच भागापुरतं फवारा. थेंबांचे ठिपके पडत नाहीत, श्वासात फवारा जात नाही आणि वाराही काही नेत नाही. पाठीचा उघडा भाग आणि दंड यांवर मात्र थेट फवारून हाताने पसरलेलं उत्तम.

पावडर: शेवटची, एकटी कधीच नाही

ब्रशसह येणारी सनस्क्रीन पावडर वापरायला सर्वांत सुखाची. तिच्यात झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. हे खनिज कण आरशासारखे ऊन परतवतात, असा सर्वत्र समज आहे. पण अतिनील प्रकाशाचा फारच थोडा भाग ते परत फेकतात, बहुतेक सगळा शोषून घेतात. त्यांची ताकद खरी आहे, अडतं ते प्रमाणापाशी. अशा ब्रशच्या नळीत साधारण ४ ते ६ ग्रॅम पावडर असते. चाचणीच्या प्रमाणात, म्हणजे १.२ ग्रॅम, एका वेळी लावली तर पाच वेळांतच नळी रिकामी होईल. तुमची नळी महिनोन्‌महिने पुरत असेल, तर एका वेळी चेहऱ्यावर किती अल्प पावडर बसते याचा अंदाज करा.

तरीही तिला हलकी समजू नका. स्टिकच्या तेलकट थरावर ती चांगली धरते, चकाकी मारते आणि खालचा थर सरकू देत नाही. म्हणून क्रम नेहमी ओल्याकडून कोरड्याकडे ठेवावा: आधी स्टिक किंवा स्प्रे, मग पावडर. उलट केलं तर ओला पदार्थ पावडरीची लापशी करतो आणि चेहऱ्यावर ढलपे दिसतात. पावडरही ब्रशने झाडत न नेता दाबत लावावी.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी पावडर रंगीत घ्या. टायटॅनियमचे पांढरे कण प्रकाश जोरदार विखुरतात, त्यामुळे चेहरा राखाडी आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये पांढराफटक दिसतो. रंगीत पावडरीत आणि फाउंडेशनमध्ये लोहाची ऑक्साइडं असतात, आणि त्यांचा गुण फारसा कुणाला ठाऊक नसतो. सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग गडद करतो, आणि वांग असलेल्यांना तो विशेष त्रास देतो. पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश जवळजवळ अडवत नाही. लोहाची ऑक्साइडं अडवतात. म्हणजे फाउंडेशन जपणं हे निव्वळ नटणं नव्हे, तोही एक बचाव आहे.

करवलीचा दिवस

आता लॉनवर परत येऊ. करवलीच्या दिवसाचा पाया सकाळच्या त्या पहिल्या थरात आहे. चेहऱ्यासाठी साधारण पाव चमचा सनस्क्रीन, दोन हप्त्यांत लावलेलं, आणि फाउंडेशन चढवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं सुकू दिलेलं. हा थर कच्चा असेल तर पुढची कोणतीही डागडुजी त्याची भरपाई करू शकणार नाही.

साडेनऊपर्यंत ती आतल्या खोलीत आहे, खिडकीपासून लांब. तोवर काही करायला नको. साडेनऊला बाहेर पडताना पहिला टच-अप: टिश्यूने टिपणं, बोटांनी स्टिकच्या दोन फेऱ्या, कान आणि मानेवर थेट स्टिक, शेवटी रंगीत पावडर. सगळं मिळून पाचेक मिनिटं. साडेअकराला दुसरा. आता कपाळावर घाम आहे, म्हणून आधी पंख्यासमोर बसून घाम सुकवायचा, मग टिपायचं. ओल्या घामावर स्टिक बसतच नाही, ती घसरते. नाक आणि गालांची उंच हाडं यांवर तिसरी फेरी, कारण माथ्यावरचं ऊन तिथेच सर्वांत सरळ पडतं. मग दिवसाच्या उजेडात, चेहरा थोडा वळवून आरशात पाहायचं. तिरप्या उजेडात पट्टे आणि ढलपे लगेच दिसतात, जे बंद खोलीतल्या दिव्याखाली लपून राहतात.

पुढे आणखी टच-अप करताना मेकअप जड वाटू लागला, घामाने ओघळ आले किंवा टिश्यूवर रंगाचे मोठे डाग उतरू लागले, तर वरून भर घालण्यात अर्थ नाही. पहिला थरच सुटला आहे. रिसेप्शनच्या आधी चेहरा धुऊन सनस्क्रीनपासून नव्याने सुरुवात करावी. समुद्रकिनारी, पोहताना किंवा शेतात दिवसभर उन्हात काम असताना तर मेकअपवरच्या टच-अपवर विसंबूच नये. तिथे धुऊन भरपूर लावणं हाच मार्ग.

स्टिक, स्प्रे आणि पावडर यांपैकी एकच घ्यायचं असेल तर स्टिक घ्या, दोन घेता आली तर जोडीला रंगीत पावडर. चोळू नका, दाबा. दर वेळी सुटणाऱ्या जागांपासून सुरुवात करा. आणि भर दुपारी मांडवाची सावली हाताशी असेल तर फोटोवाल्याला तिथेच बोलवा, कारण मेकअपवरच्या कोणत्याही थराने सावलीची गरज संपत नाही.